‘आरोप’ कापला की निवाडा उरतो

वर्तमानपत्र सगळे वाचणारे लोक थोडे असतात आणि मथळे वाचणारे पुष्कळ. चहाच्या दुकानात, एस. टी. स्थानकावर, वाचनालयाच्या बाकावर एकच अंक दहा हातांतून फिरतो आणि त्या दहांपैकी आठजणांच्या मनात राहतो तो मथळाच. मथळ्याचे आठ-दहा शब्द ही अशा वाचकापुरती संपूर्ण बातमी असते. म्हणून मथळा जागेत मावत नाही तेव्हा त्यातला कोणता शब्द कापायचा, हा प्रश्न वरवर पाहता उपसंपादकाच्या टेबलावरचा किरकोळ प्रश्न वाटला तरी तो तसा नाही. एखादा शब्द गेला की विधान बदलते, आणि बदललेले विधान हजारो लोक खरे म्हणून घरी घेऊन जातात. नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातल्या दोन शहरांत गेल्या काही वर्षांत घडलेल्या घटनांवरून हे चांगले समजून घेता येते.

३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. विरोधी पक्षांनी औषधांचा तुटवडा आणि शासनाचा हलगर्जीपणा यांवर बोट ठेवले. राज्य सरकारने औषधांचा तुटवडा असल्याचे नाकारले. रुग्णालयाच्या बाजूने सांगण्यात आले की, दूरदूरच्या गावांहून अत्यवस्थ झालेले रुग्ण शेवटच्या क्षणी येथे येतात. बातमीत या तिन्ही गोष्टी होत्या: घटना, तिच्या कारणाविषयीचा आरोप आणि त्या आरोपाचा इन्कार. आता हे सारे सांगणारा मथळा कसा होईल? ‘नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू, औषधांच्या तुटवड्यामुळे हे घडल्याचा विरोधकांचा आरोप’. इन्कार यात अजून आलेलाच नाही, तरीही दोन कॉलमांच्या जागेत हा मथळा मावणार नाही.

तो किती मावणार नाही, हे मोजता येते. खिळे जुळवून छपाई होत होती त्या काळी मथळा मोजल्यावाचून गत्यंतरच नसे, कारण शिशाचे अक्षर चेपून बारीक करता येत नाही. आता संगणकावर अक्षरे आडवी दाबून बसवता येतात. पण देवनागरी अक्षर फार दाबले की जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते. म्हणून आजही मोजून लिहिणेच शहाणपणाचे. मोजण्याची एक ढोबळ रीत अशी आहे: साध्या अक्षराला आणि आकड्याला एक घर धरावे. काना आणि वेलांटी यांचा उभा दंड जागा खातो म्हणून त्यांचे अर्धे घर जादा धरावे. जोडाक्षराचेही अर्धे जादा, आणि दोन शब्दांमधल्या जागेचे व विरामचिन्हाचे अर्धे. मात्रा, अनुस्वार आणि उकार अक्षराच्या वर किंवा खाली बसतात, त्यांना रुंदीत काही द्यावे लागत नाही. टाईपाच्या घडणीप्रमाणे थोडा फरक पडेल, परंतु अदमास चुकत नाही.

या रीतीने वरचा मथळा सुमारे सत्तर घरांचा भरतो. समजा, जागा दोन ओळींची आहे आणि ओळीत अठरा घरे बसतात. म्हणजे छत्तीस घरांत काम भागवायचे आहे आणि मथळ्याचा जवळजवळ निम्मा भाग कापायचा आहे. कात्री कुठे चालवायची हा प्रश्न येथे उभा राहतो.

घाईत असलेल्या माणसाची कात्री आधी शेवटाकडे जाते. मराठी वाक्याची ठेवण अशी आहे की कोण म्हणाले, खरे आहे की नाही, घडले की घडणार, हे सांगणारे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘विरोधकांचा आरोप’ हे दोन शब्द सर्वांत शेवटी असल्यामुळे ते आधी गळतात. मग ‘औषधांच्या तुटवड्यामुळे’ याचे ‘औषधांअभावी’ होते, ‘रुग्णांचा मृत्यू’ याचे ‘बळी’ होते, आणि हाती येतो तो हा मथळा: ‘औषधांअभावी नांदेडला २४ बळी’. अवघी एकोणीस घरे! जागा तर उरलीच, शिवाय मथळा जोरकसही झाला. त्यात व्याकरणाची चूक नाही आणि प्रत्येक शब्दाचा काही ना काही आधार बातमीत सापडतो. परंतु बातमी म्हणत होती की २४ माणसे दगावली आणि त्याचे कारण हे आहे असे अमुक लोकांचे म्हणणे आहे. मथळा म्हणतो की कारण सिद्ध झाले आहे. आरोप कापला गेला आणि मागे निवाडा उरला.

या एका मथळ्यात तीन वेगवेगळ्या कापण्या आहेत आणि त्यांचे दोष सारखे नाहीत. पहिली कापणी म्हणजे कोण बोलले ते गाळणे. हा दोष सर्वांत मोठा, कारण त्याने विधानाची जातच बदलते. ऐकीव गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेली होऊन बसते.

दुसरी कापणी ‘अभावी’ या शब्दाची आहे. त्यात लबाडी नाही, पण धोका आहे. मराठीत ‘मुळे’, ‘अभावी’, ‘साठी’ यांसारखे शब्दयोगी अव्यय दोन-तीन अक्षरांत अख्खा कार्यकारणभाव वाहून नेतात. ‘टंचाई आणि मृत्यू’ असे म्हटले तर दोन गोष्टी शेजारी ठेवल्या जातात. ‘टंचाईमुळे मृत्यू’ म्हटले की एकीतून दुसरी उपजली असे सांगितले जाते. इतके स्वस्त मिळते म्हणून हे अव्यय मथळ्यात सहज शिरते. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातला विद्यार्थीही शिकतो की दोन गोष्टी एकत्र घडल्या एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. मथळा लिहिणाऱ्याने तेवढे तरी पाळावे.

तिसरी कापणी ‘मृत्यू’च्या जागी ‘बळी’ घालण्याची. हिच्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. ‘बळी’ हा शब्द लहान म्हणून वापरावा लागतो असे सांगितले जाते. मोजून पाहिले तर ‘बळी’ अडीच घरांचा आणि ‘मृत्यू’ही अडीच घरांचाच भरतो. बचत होते ती ‘रुग्णांचा’ हा शब्द गेल्यामुळे, आणि तो ‘२४ मृत्यू’ असे लिहूनही जातोच. म्हणजे ‘बळी’ने जागा वाचवली नाही, फक्त अर्थ वाढवला. बळी म्हटले की बळी घेणारा कोणी तरी आला. मृत्यू आजाराने होतो, सर्पदंशाने होतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा होतो, आणि निष्काळजीपणानेही होतो. ‘मृत्यू’ हा शब्द या सर्व शक्यता उघड्या ठेवतो, ‘बळी’ त्यांतली एकच ठेवतो. ‘ठपका’, ‘घोटाळा’, ‘दणका’, ‘चपराक’ या मथळ्यांतल्या लाडक्या शब्दांचेही असेच आहे. ते लहान आहेत म्हणून टिकले असे म्हणतात, पण त्यांच्यात निवाडा भरलेला असतो. लहान शब्द घेण्यापूर्वी तो खरोखर किती लहान आहे ते बोटांवर मोजावे आणि साधा शब्द तेवढ्याच जागेत बसतो का ते पाहावे. पुष्कळदा तो बसतो.

मग योग्य मथळा कोणता? छत्तीस घरांत सगळे बसणार नाही हे एकदा मान्य केले की मार्ग सापडतो. काय गाळायचे हे शब्दाशब्दाने न ठरवता विधानाविधानाने ठरवावे लागते. बातमीत दोन विधाने आहेत: मृत्यू झाले हे एक, आणि ते अमुक कारणाने झाले असा आरोप आहे हे दुसरे. पहिले निर्विवाद आहे. दुसरे मांडायचे तर त्याच्याबरोबर आरोप करणाराही आला पाहिजे आणि नाकारणाराही आला पाहिजे. तेवढी जागा नसेल तर दुसरे विधान पूर्णच खाली उपमथळ्यात न्यावे. पहिल्या ओळीत ‘नांदेडच्या शासकीय रुग्णालयात’ आणि दुसऱ्या ओळीत ‘२४ तासांत २४ मृत्यू’. पहिली ओळ बरोबर अठरा घरांची होते, दुसरी बारांची. या मथळ्यात कमी सांगितले आहे, पण जे सांगितले आहे ते सगळे उभे राहते. अर्धे विधान ठेवण्यापेक्षा पूर्ण विधान सोडणे बरे, हा या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे.

आरोप हीच त्या दिवसाची मुख्य बातमी आहे असे संपादकाला वाटले तरीही वाट बंद नाही. पहिली ओळ ‘नांदेड रुग्णालयात २४ मृत्यू’, सोळा घरे. दुसरी ‘औषधटंचाईचा आरोप, इन्कार’, अठरा घरे. आरोपही आला आणि इन्कारही आला. पण याची किंमत पाहा. ‘शासकीय’ गेले, आणि नांदेडात रुग्णालये काही एक नाहीत. ‘२४ तासांत’ गेले, म्हणून २४ हा आकडा एका दिवसाचा की महिन्याचा हे कळेनासे झाले. रुग्णालयाचे नाव खालच्या ओळीतच येते, म्हणून पहिला तोटा सोसता येईल. दुसरा सोसणे कठीण, कारण मुदतीवाचून आकडा हा आकडाच नव्हे. म्हणून दोहोंत आधीचा मथळा सरस ठरतो.

काही पळवाटाही रूढ आहेत. एक म्हणजे प्रश्नचिन्ह: ‘औषधांअभावी २४ बळी?’ विचारल्यासारखे करून सांगून टाकण्याची ही युक्ती आहे. वाचकाच्या लक्षात वाक्य राहते, चिन्ह राहत नाही. दुसरी म्हणजे एकेरी अवतरणचिन्हे. ‘अभावी’ला अवतरणात घातले की कोणी तरी असे म्हणाले एवढे सुचते, पण कोण म्हणाले हे सांगण्याची जबाबदारी टळते. यांपेक्षा विसर्गासारखे दोन टिंब देऊन नाव लिहिणे प्रामाणिक: ‘विरोधक: औषधांअभावी मृत्यू’. सतरा घरांत बोलणाराही आला आणि बोलणेही आले. नाव आधी घालावे, मागे नाही, कारण ओळ तुटली किंवा पानाची घडी पडली तर शेवटचा शब्दच आधी हरवतो. सरकारचे म्हणणेही याच रीतीने द्यावे. ‘औषधे पुरेशी’ असा मोकळा मथळा दिला, तर तोही बोलणाऱ्याचे नाव गाळून निवाडाच देतो. कात्री दोन्ही बाजूंना सारखी लागू आहे.

दुसऱ्या दिवशीचा मथळा आणखी एक धडा देतो. मृतांचा आकडा वाढला आणि ४८ तासांत एकूण ३१ रुग्ण दगावल्याचे, त्यांत १६ बालके असल्याचे, समोर आले. आदल्या दिवशी २४ वाचलेल्या माणसाने ‘नांदेडला ३१ मृत्यू’ असे वाचले तर तो काय करील? बेरीज करील, आणि पंचावन्नावर पोहोचेल. प्रत्यक्षात वाढ सातांची होती. येथे ‘आणखी’ आणि ‘एकूण’ हे शब्द फुलोऱ्याचे वाटतात, पण ते आकड्याचा अर्थ धरून ठेवतात. ‘आणखी ७ मृत्यू; एकूण ३१’ हा मथळा वीस घरांच्या आत बसतो. त्याचप्रमाणे ‘२४ तासांत २४’ याचे ‘तासाला एक मृत्यू’ करण्याचा मोहही आवरावा. बेरजेचा भागाकार केला की एका दिवसाची घटना नेहमीची गती वाटू लागते. मोठ्या शासकीय रुग्णालयात अत्यवस्थ रुग्ण रोजच दाखल होतात आणि काही रोजच दगावतात. त्या नेहमीच्या संख्येहून हा दिवस किती वेगळा होता, याचे उत्तर मथळ्यात मावत नाही. ते बातमीच्या पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे, आणि बातमीदाराने ते विचारलेच नसेल तर मथळ्याने त्याची भरपाई विशेषणाने करू नये.

लातूरची दोन उदाहरणे याला जोडून पाहावीत. तेथे शब्द कापल्याने बोलणारा नव्हे, तर व्याप्ती हरवते. मार्च २०१६ मध्ये भीषण पाणीटंचाईत लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढला. पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, असा तो आदेश होता. त्याचा सर्वांत आखूड मथळा होतो ‘लातुरात जमावबंदी’. साडेअकरा घरांत काम संपते, आणि पुण्या-मुंबईचा वाचक समजतो की लातुरात दंगल पेटली. ‘जमावबंदी’ या शब्दाला आपल्याकडे तोच अर्थ चिकटलेला आहे. येथे बंदी कुठे हा शब्द गेला आणि बंदी कशासाठी हेही त्याबरोबर गेले. ‘लातुरात पाणवठ्यांवर जमावबंदी’ लिहायला आठ घरे अधिक लागतात. ती एका ओळीत बसत नसतील तर मथळा दुसऱ्या ओळीत न्यावा किंवा टाईप एका आकाराने उतरवावा. पण ‘पाणवठ्यांवर’ हा शब्द कापू नये. पाण्यासाठी माणसांना पहाऱ्यात रांग लावावी लागली, ही त्या बातमीतली खरी वेदना होती. तो शब्द गेला की ती वेदना जाऊन नुसती पोलिसी बातमी उरते.

दुसरे उदाहरण पाणीगाडीचे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली रेल्वे दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. ‘लातूरची तहान भागली’ हा मथळा त्या सकाळी कोणालाही सुचला असता. साडेतेरा घरांचा आणि मनाला भिडणारा. २०११च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची वस्ती सुमारे ३ लाख ८२ हजार होती. पाच लाख लिटर त्यांत वाटले तर माणशी दीड लिटरही येत नाही. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या प्रत्येकीत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी असे, तेव्हाही हिशेब माणशी साडेसहा लिटरांच्या आसपासच जाई. तहान भागली हे म्हणणे हिशेबात टिकत नाही. ‘लातूरला पाणीगाडी’ हा मथळा साडेअकरा घरांचा आहे. तो खरा आहे आणि खोट्यापेक्षा दोन घरांनी आखूडही आहे. जागा कमी होती ही सबब येथे चालणार नाही. जागा होती, मोह मोठा होता.

असा मथळा बरोबर आहे की नाही हे छापण्यापूर्वी कसे ओळखावे? त्यासाठी बातमी झाकून नुसता मथळा दुसऱ्या माणसाला द्यावा आणि त्याला काय घडले, कुठे घडले, कोण म्हणते, किती काळात घडले हे सांगायला लावावे. तो जे सांगेल त्यातला प्रत्येक तुकडा बातमीत शोधावा. एखादा तुकडा बातमीत नसेल, किंवा बातमीत तो कोणाच्या तरी तोंडी असून त्याच्या तोंडून मोकळा बाहेर आला असेल, तर मथळा चुकला. लिहिणाऱ्याने स्वतःच वाचून हे होत नाही, कारण त्याने बातमी वाचलेली असते आणि कापलेले शब्द त्याला दिसत राहतात.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हे दैनिकांच्या उपसंपादकांवर सोडून देऊ नये. आपली साप्ताहिके, पत्रके, भित्तिपत्रे आणि फलक यांवरही जागा थोडीच असते. सरकारवर टीका करताना ‘आरोप’ हा शब्द आपल्या हातून फार सहज गळतो, कारण तो ठेवल्याने धार बोथट होते असे वाटते. व्यवहारात उलट घडते. ‘औषधांअभावी २४ बळी’ असा फलक लावला की सरकारला उत्तर देणे सोपे जाते. ते औषधांच्या साठ्याचे कागद दाखवते आणि चर्चा साठ्यावरच संपते. रिकाम्या जागा किती, परिचारिका किती, एका खाटेवर किती बालके, तालुक्यातली रुग्णालये रुग्णांना नांदेडला का पाठवतात, हे खरे प्रश्न बाजूला पडतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली तेव्हा त्यानेही औषधांबरोबरच रिक्त पदांचा आणि आरोग्यावरील तरतुदीचा तपशील मागितला होता. ‘नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू’ हे वाक्य कोणत्याही मंत्र्याला नाकारता आले नसते. त्याला त्याचे कारणच द्यावे लागले असते.

दगावलेल्या बारा बाळांच्या आईबापांना त्या कारणाचा हक्क होता. सिद्ध न झालेले कारण मथळ्यात त्यांच्या हाती ठेवले, तर ते शोधण्याचे काम संपले असे सर्वांना वाटू लागते.